मिस्ड कॉल दिसत नाही, कॉल हिस्टरी रिकामी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगडात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मार्च लागला की काउंटरवर फुटलेल्या स्क्रीनइतकीच या एका तक्रारीची गर्दी होते: समोरचा शपथेवर सांगतो की फोन केला होता, आणि आपल्या मोबाइलात त्याचा मागमूस नाही. हापूसचा भाव फोनवर ठरतो. सकाळचा एक कॉल चुकला की दुपारची गाडी दुसऱ्याच्या बागेतून भरून जाते, म्हणून माणसं चिडून येतात. तेच तेच प्रश्न रोज तोंडी सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवतोय. बहुतेक उत्तरं अँड्रॉइडची आहेत, कारण आमच्याकडे येणारे दहातले नऊ फोन तेच असतात.

समोरच्याने नक्की फोन केला होता. मग माझ्याकडे मिस्ड कॉल का नाही?

मिस्ड कॉलची नोंद कंपनीच्या टॉवरवर होत नाही, तुमच्या हातातल्या फोनमध्ये होते, हे आधी लक्षात घ्या. कॉल फोनपर्यंत पोचलाच नाही तर नोंदायला काही नसतं. फोन बंद असेल, तुम्ही खाडीपलीकडे रेंज नसलेल्या बागेत असाल किंवा होडी किनाऱ्यापासून लांब गेली असेल, तर त्या वेळचा कॉल यादीत कधीच येणार नाही, मग सेटिंग कितीही उलटीपालटी करा. रेंजमध्ये आल्यावर कंपनीकडून ‘या नंबरवरून कॉल आला होता’ असा एसएमएस येतो, तेवढाच त्याचा पुरावा. तो मेसेजच्या अ‍ॅपमध्ये असतो, कॉलच्या यादीत नाही.

म्हणून मी पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला नाही, फोन करणाऱ्याला विचारायला लावतो: तुम्हाला काय ऐकू आलं? ‘बंद आहे’ किंवा ‘संपर्क क्षेत्राबाहेर आहे’ ऐकू आलं असेल, तर तुमच्या फोनची चूक शोधत बसू नका. ‘व्यस्त आहे’ ऐकू आलं असेल, तर तुम्ही दुसऱ्या कॉलवर होतात आणि कॉल वेटिंग बंद आहे, किंवा कॉल कापला गेला. पूर्ण वेळ रिंग वाजली असेल तर बहुधा कॉल फोनवर पोचला, आणि दोन सिमचं उत्तर सोडलं तर खालची उत्तरं तेव्हाच कामाची.

माझे दोन्ही सिम सुरू असतात आणि रेंजही फुल्ल असते. तरी कॉल चुकतात.

आमच्या भागात हे कारण सगळ्यात जास्त सापडतं आणि सगळ्यात कमी लोकांना पटतं. घरात एका कंपनीची रेंज येते, बाजारात दुसरीची, म्हणून प्रत्येकाकडे दोन सिम. पण बहुतेक फोनांत दोन सिमसाठी बोलण्याची वाट एकच असते. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम तेवढा वेळ नेटवर्कवरून गायब असतं. त्या सिमवर फोन करणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं आणि तुमच्याकडे काहीच उमटत नाही. दोन्ही सिमला वाय-फाय कॉलिंग चालू असेल तर काही फोनांत दुसरा कॉल येतो, सगळ्यांत नाही.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या सिमवरून घरच्या कुणाला तरी फोन लावून बोलत राहा आणि तिसऱ्या मोबाइलवरून दुसऱ्या सिमला फोन करा. काय होतं ते समोरच दिसेल.

एखादं खरं उदाहरण सांगाल का?

गेल्या हंगामातलं सांगतो. एक बागायतदार सकाळी तणतणत आला. “तो वाशीचो दलाल म्हणता सहा फोन केलंय, माझ्या मोबायलात एक पण दिसना नाय!” फोन दीड-दोन वर्षांचा, त्यात गूगलचं ‘Phone’ अ‍ॅप. मी त्यांना सांगितलं, दलालाकडून त्याच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट मागवा. तो आला. त्यात पाच कॉल खरेच होते: १०:४७, १०:५३, १०:५८, ११:२० आणि ११:२१. सहावा, १२:०५ चा, त्याच्या मोबाइलवरून नव्हता, पेढीच्या ०२२ वाल्या लँडलाइनवरून होता. तो त्याने तोंडी सांगितला.

मग आमच्याकडची यादी उघडली. त्यांनी वर ‘Missed’ लावून ठेवलं होतं, ते ‘All’ केलं. दुसऱ्या सिमवरून १०:४२ ला खोक्यांच्या दुकानाला लावलेला कॉल होता, १९ मिनिटांचा. म्हणजे ११:०१ पर्यंत पहिलं सिम मेलेलं, आणि दलालाचे पहिले तीन कॉल नेमके त्याच वेळात. ते नेटवर्कवरच विरले. ११:२० आणि ११:२१ हे दोन्ही यादीत होते, पण मिस्ड म्हणून नव्हे, नाकारलेले म्हणून. त्या वेळी ते झाडाखाली करंड्या मोजत होते आणि फोन शर्टच्या खिशात होता. घामाने ओल्या कापडातून स्क्रीनला अंग लागतं आणि कॉल कापला जातो, हे मी स्वतः अनुभवलंय. राहिला १२:०५ चा. तो ‘All’ मध्ये स्पॅमचा शिक्का घेऊन बसला होता, कारण स्पॅम गाळणारं सेटिंग चालू होतं. रिंग नाही, सूचना नाही.

सहा कॉल, तीन वेगळी कारणं, आणि फोन बिघडलेला नव्हताच. मी दोन गोष्टी केल्या: पेढीचा लँडलाइन नंबर सेव्ह केला आणि स्पॅम गाळणं बंद केलं. सिमचं काही करता येत नव्हतं. दलालाला दोन्ही नंबर देऊन ठेवा, एवढंच सांगितलं.

‘Missed’ मध्ये कॉल नाही, पण ‘All’ मध्ये आहे. हे कसं?

अँड्रॉइड प्रत्येक नोंदीला प्रकाराचा आकडा देतो. आलेला कॉल १, केलेला २, मिस्ड ३, नाकारलेला ५ आणि ब्लॉक झालेला ६. यादीच्या वरची ‘Missed’ ही गाळणी साधारणपणे फक्त ३ दाखवते. तुम्ही, तुमच्या खिशाने किंवा खेळणाऱ्या नातवाने लाल बटण दाबलं की तोच कॉल ५ होतो. माणसाच्या लेखी तो चुकलेलाच, पण फोनच्या लेखी तुम्ही तो पाहून कापलेला.

म्हणून शोधताना आधी ‘All’ लावा. काही फोन कंपन्यांच्या डायलरमध्ये, म्हणजे कॉल लावायच्या अ‍ॅपमध्ये, सिमप्रमाणेही गाळणी असते. ती एका सिमवर अडकली असेल तर अर्धा इतिहास दिसत नाही. आणि एकाच नंबरचे सलग कॉल पुष्कळदा एकाच ओळीत गोळा होतात. ओळीवर टॅप करून इतिहास उघडला की आतले वेगवेगळे कॉल वेळेसकट दिसतात.

स्पॅम फिल्टर आणि ब्लॉक यांत फरक काय? कुठे बघायचं?

गूगलच्या ‘Phone’ अ‍ॅपमध्ये सेटिंगमधल्या ‘Caller ID & spam’ मध्ये स्पॅम कॉल गाळण्याचा पर्याय आहे. तो चालू असताना संशयित कॉलची रिंग आणि मिस्ड कॉलची सूचना दोन्ही येत नाहीत, पण कॉल इतिहासात राहतो. अडचण अशी की व्यापारी, कुरिअरवाले, बँका असे दिवसाला शंभर फोन करणारे नंबर लोक कंटाळून स्पॅम म्हणून नोंदवतात, आणि मग तुमच्या कामाचा कॉलही त्यात जातो.

‘Blocked numbers’ हे वेगळं. तिथे ‘Unknown’ म्हणून एक बटण असतं. पुष्कळांना वाटतं, ते लावलं की सेव्ह नसलेले सगळे नंबर बंद होतील. तसं नाही. त्याने फक्त नंबर लपवून येणारे कॉल अडतात. सेव्ह नसलेला साधा नंबर तरीही वाजतो.

तिसरी जागा कुणी बघत नाही: Settings, Apps, Default apps, आणि त्यात ‘Caller ID & spam app’. नाव दाखवणारं एखादं अ‍ॅप तिथे बसलेलं असेल तर त्याला कॉल कापता येतो आणि सूचनाही दडपता येते. नोंद अँड्रॉइड ठेवतो, पण ब्लॉक या प्रकारात, त्यामुळे ‘Missed’ मध्ये ती शोधून सापडत नाही. शंका असेल तर तिथे ‘None’ निवडून दोन दिवस काढून बघा.

यादी अचानक कोरी झाली. ‘Clear data’ करू का?

थांबा. आधी ‘Clear cache’ करा. त्याने काही पुसत नाही. ‘Clear data’ आधी कोणत्या अ‍ॅपचं करताय ते बघा, कारण इथेच लोकांचं नुकसान होतं.

कॉलची यादी दाखवणारं अ‍ॅप आणि यादी साठवणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘Phone’ हे अ‍ॅप म्हणजे खिडकी. वह्या असतात त्या ‘Contacts Storage’ नावाच्या सिस्टिम अ‍ॅपमध्ये, जे अ‍ॅपच्या यादीत ‘Show system’ केल्यावरच दिसतं. ‘Phone’ चा डेटा पुसला तर त्याची सेटिंग जातात, पण वही साधारणपणे तशीच राहते. ‘Contacts Storage’ चा डेटा पुसला तर वहीच जाते: सगळी कॉल हिस्टरी आणि फोनमध्ये साठवलेले नंबरही. गूगल खात्यातले नंबर सिंक होऊन परत येतात. कॉल हिस्टरी येत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. दुकान नवीन असताना एका ट्रॉलरमालकाचा मंद झालेला फोन हलका करायचा म्हणून मीच त्या अ‍ॅपचा डेटा पुसला. कुठल्या दिवशी डिझेलवाल्याला आणि बर्फवाल्याला फोन केला, त्यावरून तो महिन्याचा हिशेब जुळवायचा. त्याने यादी उघडली, अंगठ्याने वर सरकवली, खाली सरकवली, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही फोनला हात लावायच्या आधी यादीचे स्क्रीनशॉट काढून घेतो.

यादी कोरी असण्याचं निरुपद्रवी कारण परवानगीचं असतं. Settings, Apps, Phone, Permissions इथे ‘Call logs’ ला परवानगी आहे का ते बघा. ती गेली असेल तर वही शाबूत असते, पण खिडकीला पडदा लागलेला असतो.

दोष अ‍ॅपचा की वहीचा, हे कसं ओळखायचं?

नोंद डायलर करत नाही, अँड्रॉइडची टेलिफोनची यंत्रणा करते. म्हणून दुसरा एखादा विश्वासू डायलर टाका, त्याला कॉल लॉगची परवानगी द्या आणि बघा. त्यात कॉल दिसले तर तुमचं मूळ अ‍ॅप बिघडलंय. ते अपडेट करा किंवा त्याचा कॅशे पुसा. त्यातही नसले तर वहीतच नाहीत.

कॉम्प्युटर हाताशी असेल, त्यावर गूगलचं adb हे साधन टाकलेलं असेल आणि फोनवर ‘USB debugging’ चालू करता येत असेल तर वही थेट वाचता येते:

```
adb shell content query --uri content://call_log/calls --projection number:type:date
```

प्रत्येक ओळीत नंबर, वर सांगितलेला प्रकाराचा आकडा आणि १९७० पासून मोजलेले मिलिसेकंद येतात. दलालाचा नंबर type=5 सोबत दिसला की वाद मिटतो.

सिंक चालू आहे. मग नव्या फोनमध्ये जुने कॉल का आले नाहीत?

कारण गूगल खात्याच्या सिंकमध्ये कॉल हिस्टरी नसतेच. त्यात कॉन्टॅक्ट, कॅलेंडर वगैरे असतं. कॉल हिस्टरी जाते ‘Backup’ मध्ये, आणि बॅकअप हे जाळं नाही, गाठोडं आहे. फोन पहिल्यांदा सेट करताना किंवा रीसेट केल्यावर ते एकदा उघडतं. चालू फोनमध्ये ‘कालची यादी परत आण’ असं त्याला सांगता येत नाही. शिवाय नव्या अँड्रॉइडवर बांधलेलं गाठोडं जुन्या अँड्रॉइडच्या फोनमध्ये उघडत नाही.

दुसरी गंमत म्हणजे आपोआप बॅकअप व्हायला फोन चार्जिंगला, वाय-फायवर आणि काही वेळ न वापरलेला असावा लागतो. गावात वाय-फाय कितीजणांकडे आहे? मी तपासलेल्या कित्येक फोनांत बॅकअप ‘On’ असतो आणि शेवटच्या बॅकअपची तारीख गेल्या गणपतीतली असते, मुंबईचा मुलगा घरी येऊन हॉटस्पॉट लावून गेला त्या दिवशीची. Settings मध्ये ‘Google’, मग ‘Backup’ उघडा, तारीख बघा आणि ‘Back up now’ दाबा. मोबाइल डेटावरून बॅकअप घेण्याचं बटणही तिथे मिळतं.

सिंकचा एक वेगळाच त्रास मात्र खरा आहे. कॉन्टॅक्टचं सिंक बंद पडलं की नावं जातात आणि यादीत नुसते नंबर उरतात. माणूस ‘सदू’ शोधतो, सापडत नाही, म्हणून कॉलच नाही असं समजतो. नंबराने शोधून बघा.

होडीवरचा फोन पावसाळ्यात कपाटात होता. ऑगस्टमध्ये रीसेट केला तर बॅकअपच नाही.

गूगलचा नियम असा की फोन ५७ दिवस वापरला नाही तर त्याचा बॅकअप पुसला जाऊ शकतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस. चार दिवसांनी घात होतो. जुलैच्या सुरुवातीला एकदा फोन चार्ज करून इंटरनेटला जोडा आणि ‘Back up now’ दाबा.

जुने कॉल आपोआप जातात का?

जातात. मूळ अँड्रॉइड दर सिममागे अलीकडचे ५०० कॉल ठेवतो आणि नवा आला की सगळ्यात जुना काढतो. काही कंपन्या ही मर्यादा वाढवून देतात. दिवसाला पन्नास कॉल करणाऱ्या दलालाची वही दहा दिवसांत भरते, त्यात बिघाड काही नाही.

आजचे कॉल यादीच्या तळाशी का दिसतात?

तारीख चुकली आहे. बॅटरी पूर्ण उतरून फोन पुन्हा चालू झाला, नेटवर्कची वेळ मिळाली नाही, तर घड्याळ जुन्या वर्षावर जातं आणि त्या काळातले कॉल त्याच तारखेने नोंदले जातात. यादी तारखेने लागते, म्हणून ते तळाला जातात. वही ५०० ला भरलेली असेल तर आणखी वाईट: जुनी तारीख म्हणून नवा कॉलच आधी काढला जातो. वादळवाऱ्यात वीज तीन दिवस गेली की हे फोन माझ्याकडे येतात. ‘Date & time’ मध्ये वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू ठेवा. चुकीच्या तारखेच्या जुन्या नोंदी मात्र दुरुस्त होत नाहीत.

फोन वाजतच नाही, मिस्ड कॉल नाही, पण समोरच्याला रिंग ऐकू येते!

कॉल फॉरवर्डिंग बघा, लगेच. सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले असतील तर तुमचा फोन वाजत नाही आणि नोंदही होत नाही. डायलरच्या सेटिंगमध्ये ‘Call forwarding’ असतं. त्यात ‘Always forward’ समोर अनोळखी नंबर दिसला तर बंद करा आणि बँकेला कळवा, कारण ओटीपी सांगणारे कॉलही तिकडेच गेलेले असू शकतात. ‘नेटवर्क सुधारायला *४०१ लावून हा नंबर दाबा’ असं सांगून लोकांना फसवत होते. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून फॉरवर्डिंग लावणं थांबवायला लावलं ते याचसाठी. त्याआधी लावलेलं फॉरवर्डिंग कुणाच्या फोनवर अजून आहे का, ते बघायला हरकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल?

ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘Calls’ मध्ये. अँड्रॉइडच्या मुख्य यादीत ते सहसा येत नाहीत.

मुलाने त्याचा जुना आयफोन दिला. त्यात त्याचेच कॉल दिसतात, माझे गायब होतात.

दोन्ही फोनांत एकच Apple खातं आहे. आयफोनची कॉल यादी आयक्लाउडमधून एका खात्याच्या सगळ्या उपकरणांत फिरते. मुंबईत मुलाने यादी साफ केली की इथे तुमचीही जाते. तुमच्यासाठी वेगळं खातं काढा.

पुसलेले कॉल परत आणणारी अ‍ॅप चालतात का? कंपनीकडून यादी मिळेल का?

अशी अ‍ॅप वहीत आहे तेवढंच वाचतात. वहीतून गेलेलं साध्या फोनमध्ये त्यांच्या हाताला लागत नाही. उलट कॉल लॉगची परवानगी मिळाली की तुमची सगळी यादी त्यांच्याकडे जाते. ‘Permission manager’ मध्ये ‘Call logs’ उघडून कोणाकोणाला परवानगी दिलीय ते एकदा बघा. टॉर्चचं अ‍ॅप निघालं तर नवल नाही.

कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा बिलातून तुम्ही केलेल्या कॉलचा तपशील मिळतो. न उचललेल्या कॉलचा त्यात उल्लेख नसतो. त्यासाठी फोन करणाऱ्याच्या यादीचा स्क्रीनशॉट मागा, जसा आम्ही वाशीहून मागवला.